ब्लर, फिरवलेला कॅमेरा आणि लहान केलेली खिडकी: व्हिडिओ कॉलवर कधी काय वापरावं?

व्हिडिओ कॉलवर मागचं दृश्य धूसर करता येतं, कॅमेरा फिरवता येतो आणि कॉलची खिडकी कोपऱ्यात लहान करता येते. तिन्ही गोष्टी एका बोटाच्या अंतरावर असल्यामुळे त्या एकाच कामाच्या वाटतात, पण तसं नाही. ब्लरमुळे समोरच्याला जाणारं चित्रच बदलतं. कॅमेरा फिरवला की चित्र कुठून जातं ते बदलतं. खिडकी लहान केली की बदलतो तो फक्त आपला स्क्रीन, समोरच्याच्या चित्रात काडीचाही फरक पडत नाही. निवड करताना एवढं ध्यानात असलं की निम्मा गोंधळ मिटतो.

आपल्या खान्देशात रोज घडणारं उदाहरण घेऊ. रावेरकडचा एक केळी उत्पादक पिलबागेत उभा आहे. पानांवर पिवळे पट्टे दिसतायत. हा करपा रोग आहे की सीएमव्ही हा विषाणूजन्य रोग, हे त्याला जळगावच्या कृषी सल्लागाराला दाखवायचंय. सकाळी घरून कुणाशी तरी बोलताना लावलेला ब्लर तसाच चालू आहे आणि समोर सेल्फी कॅमेरा आहे. तो पान हातात धरून लांब करतो. पलीकडून आवाज येतो, "भाऊ, तुम्ही दिसताय, पान कुठंय?"

पान गायब होण्याचं कारण ब्लर ज्या रीतीनं काम करतो त्यात आहे. फोन प्रत्येक क्षणाच्या चित्रात माणूस शोधतो, त्याच्या कडा आखतो आणि बाकी सगळं मागचं समजून पुसट करतो. हातातलं पान माणसाचा भाग नाही, म्हणून तेही मागच्यात जमा होतं. छातीसमोर अगदी जवळ धरलं तर कधी टिकतं, हात लांब केला की विरघळतं. हे आपल्याच छोट्या चित्रात पाहून ओळखता येतं: पानाची कड थरथरायला लागली, मध्येच दिसेनाशी झाली, की ब्लर पानाला खातोय असं समजा. औषधाची बाटली, सातबारा, साडीचा काठ, मीटरचं रीडिंग, काहीही दाखवायचं असलं तरी हाच घोळ होतो. वस्तू दाखवायची असेल तर ब्लर आधी बंद करा, कॅमेरा मग फिरवा. मागच्या कॅमेऱ्यासमोर तर माणूसच नसतो. ब्लर चालू राहिला तर अख्खी बागच पुसट होऊ शकते.

आता कॅमेरा. वस्तू दाखवायला मागचाच कॅमेरा घ्यावा, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. बऱ्याच स्वस्त फोनांत सेल्फी कॅमेऱ्याचा फोकस एका अंतरावर पक्का केलेला असतो, साधारण हात लांब केल्यावर चेहरा येतो तेवढ्या. पान त्याहून जवळ आणलं की ते ब्लरशिवायही अस्पष्टच दिसतं. मागचा कॅमेरा फोकस स्वतः जुळवतो. वीतभर अंतरावर धरून क्षणभर स्थिर राहायचं, स्क्रीनवर पानावर एकदा बोट टेकवून पाहायचं. काही ॲपमध्ये त्यानं फोकस जुळतो, काहींत नाही. नाही जुळला तर फोन थोडा मागे घेऊन पुन्हा पुढे आणायचा. भर उन्हात केळीचं पान चकाकतं आणि पट्टे धुतल्यासारखे दिसतात, त्यासाठी आपली सावली पानावर पडेल असं उभं राहावं. आधी पूर्ण झाड, मग पानाची वरची बाजू, खालची बाजू आणि शेवटी पोंगा, या क्रमानं सावकाश दाखवलं तर सल्लागाराला ओळखायला आधार मिळतो. फोन भराभर हलवला की कॉलचं चित्र चौकटी-चौकटींचं होतं, त्यात ठिपका आणि धूळ सारखीच दिसते.

बाटलीवरचं लेबल सेल्फी कॅमेऱ्यात आपल्याला उलटं दिसतं म्हणून बरेच जण घाबरतात. बहुतेक ॲपमध्ये ते फक्त आपल्या चित्रात आरशासारखं उलटलेलं असतं, समोरच्याला अक्षरं सुलटच दिसतात. तेवढ्यासाठी कॅमेरा फिरवायची गरज नाही, फोकससाठी मात्र आहे.

खिडकी लहान करण्याचा उपयोग याच कॉलमध्ये पुढे येतो. कॉलचं चित्र इंटरनेट बेतानं वापरण्यासाठी दाबलेलं असतं, त्यामुळे बारीक पट्टे आणि ठिपके कळायला साधा फोटोच बरा. कॉलच्या आधी दोन-तीन फोटो काढून ठेवा. बोलता बोलता वरच्या कोपऱ्यातला बाण दाबा किंवा होम करा, कॉल छोटा होऊन बाजूला बसेल. मग त्याच माणसाची चॅट उघडून गॅलरीतून फोटो पाठवा. कॉल चालू असताना फोनचा कॅमेरा उघडून फोटो काढायला जाऊ नका. अँड्रॉइडवर कॅमेरा एका वेळी एकाच ॲपच्या हातात राहतो, म्हणून कॉलमधलं चित्र थांबतं आणि पलीकडचा माणूस "हॅलो, हॅलो" करत बसतो.

खिडकी लहान करताना मला खरी काळजी वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची. कॉल कोपऱ्यात गेला म्हणजे आपण आता दिसत नाही, असा समज घरोघरी आहे. पुण्याच्या मुलीशी बोलताना आई कॉल लहान करून दुसरं काही पाहायला लागते, आणि मुलीला मात्र ओट्याचं, छताचं, मागून जाणाऱ्या घरच्यांचं सगळं चित्र जात राहतं. आवाजही जातोच. दिसायचं नसेल तर कॅमेरा बंद करण्याचं बटण वेगळं आहे, तेच दाबायला हवं. उलट बाजूची भीती मात्र विनाकारण असते: कॉल लहान करून बँकेचं ॲप उघडलं म्हणून समोरच्याला आपला स्क्रीन दिसत नाही. तो दिसतो स्क्रीन शेअर केल्यावर. अनोळखी माणूस कॉलवर स्क्रीन शेअर करायला सांगत असेल तर तिथेच फोन ठेवा, कारण मग येणारा ओटीपीही त्याला वाचता येतो.

मग ब्लर घ्यायचा कुठे? जिथे फक्त चेहरा दाखवायचाय तिथे: धुळ्याच्या दोन खोल्यांच्या घरातून दिलेली नोकरीची मुलाखत, ऑनलाइन शिकवणी, डॉक्टरांशी बोलणं. व्हॉट्सॲपनं कॉलमध्ये मागचं दृश्य बदलायची आणि पुसट करायची सोय 2024 मध्ये आणली. मीट आणि झूमवर ती त्याआधीपासून आहे आणि तिथे कॉलमध्ये शिरण्यापूर्वीच लावता येते. मुलाखतीला तसंच करावं, कारण आत गेल्यावर लावला तर तोवर घर दिसून गेलेलं असतं. मात्र ब्लरवर पूर्ण भिस्त ठेवू नका. मागून कुणी चालत गेलं तर फोन त्यालाही माणूस म्हणून ओळखतो आणि ती व्यक्ती स्पष्ट दिसू शकते. साधी भिंत मागे मिळत असेल तर मी भिंतच निवडेन. ब्लरसाठी फोनला सतत हिशेब करावा लागतो. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा पंचेचाळीसकडे जातो तेव्हा स्वस्त फोन तापतो, मंदावतो आणि चित्र अडखळायला लागतं. अशा वेळी पहिल्यांदा ब्लर काढा, फोन पंख्याखाली घ्या, चार्जरवरून सोडवा.

होम दाबल्यावर कॉल लहान न होता नाहीसाच होत असेल, तर त्या ॲपला छोट्या खिडकीची परवानगी बंद असण्याची शक्यता आहे. फोनवर छोट्या खिडकीची सोय अँड्रॉइड 8 पासून, म्हणजे 2017 पासून आहे. बऱ्याच फोनवर Settings → Apps → Special app access → Picture-in-picture इथे जाऊन त्या ॲपपुढचं बटण चालू केलं की पुढच्या कॉलला खिडकी दिसू लागते.