‘शून्य खर्चाचे हेज’ विकत घेताना हेज अकाउंटिंगच्या नावाखाली होणारी फसवणूक

निर्यात करणाऱ्या एका कंपनीला बँकेच्या ट्रेझरी विभागाने हेज म्हणून, म्हणजे डॉलरच्या भावातल्या चढ-उतारापासून संरक्षण म्हणून, विकलेल्या एका सौद्याची ही हकिगत आहे. आकडे समजायला सोपे जावेत म्हणून ढोबळ घेतले आहेत, पण सौद्याची रचना तशीच ठेवली आहे. अशी रचना आजही वेगवेगळ्या नावांनी विकली जाते, म्हणून हे सविस्तर लिहीत आहोत.

कंपनीला सहा महिन्यांनी 10 लाख डॉलरची विक्री करायची होती. ऑर्डर पक्की होती, फक्त माल जायचा होता. कंपनीच्या हिशेबाच्या चलनात त्या दिवशी डॉलरचा भाव 80 आणि सहा महिन्यांचा फॉरवर्ड, म्हणजे सहा महिन्यांनी डॉलर विकण्याचा आजच ठरवलेला भाव, 81 होता. साधा फॉरवर्ड केला असता तर विषय तिथेच संपला असता. विक्री अधिकाऱ्याने मात्र दुसरा प्रस्ताव ठेवला: “81 कशाला, आम्ही 82.50 देतो. प्रीमियम शून्य. हेज अकाउंटिंगही लागू होईल, कागदपत्रे आमच्याकडे तयार आहेत.”

टर्म शीटमध्ये, म्हणजे सौद्याच्या अटींच्या कागदात, दोन ओळी होत्या. मुदतीच्या दिवशी डॉलर 82.50 च्या खाली असेल, तर कंपनी 10 लाख डॉलर 82.50 ने विकू शकेल. वर असेल, तर कंपनीला 20 लाख डॉलर 82.50 ने विकावेच लागतील. सगळी मेख त्या 20 मध्ये आहे. कंपनीने 10 लाखांचा पुट ऑप्शन, म्हणजे ठरलेल्या भावाने विकण्याचा हक्क, विकत घेतला आणि त्याची किंमत म्हणून बँकेला 20 लाखांचा कॉल ऑप्शन, म्हणजे त्याच भावाने विकत घेण्याचा हक्क, लिहून दिला.

डॉलरच्या भावाची वार्षिक 12 टक्के अस्थिरता धरून हे दोन्ही भाग वेगवेगळे मोजले, तर पुटची किंमत साधारण 35.5 लाख येते आणि 20 लाखांच्या कॉलची 41 लाख. म्हणजे कंपनीने जे दिले ते मिळालेल्यापेक्षा सुमारे 5.5 लाखांनी जास्त होते, आणि हा फरक सही होताच बँकेच्या खिशात गेला. रोख काहीच हलले नाही, एवढ्याच अर्थाने हा सौदा ‘शून्य खर्चाचा’ होता.

फसवणुकीचा मोठा भाग मात्र हेज अकाउंटिंगच्या आश्वासनात होता. साध्या फॉरवर्डचा हिशेब कसा बसतो ते आधी पाहू. समजा, कंपनीने तो केला आणि पहिल्याच दिवशी लेखी नोंद केली की हा 10 लाखांचा फॉरवर्ड अमुक महिन्यातल्या 10 लाख डॉलरच्या विक्रीसाठी आहे. तीन महिन्यांनी तिमाही संपली तेव्हा डॉलर 86 वर होता आणि उरलेल्या मुदतीचा फॉरवर्ड 86.50. म्हणजे फॉरवर्डवर प्रति डॉलर 5.50, एकूण 55 लाखांचा तोटा. पण विक्री अजून नोंदलेलीच नाही, त्यामुळे हा तोटा नफा-तोटा पत्रकात जात नाही. तो इतर सर्वसमावेशक उत्पन्नात, म्हणजे ओसीआयमध्ये, कॅश फ्लो हेज राखीव म्हणून थांबतो. सहाव्या महिन्यात डॉलर 90 झाला. विक्री 9 कोटींना नोंदली गेली, त्याच वेळी राखीवमधला 90 लाखांचा तोटा तिथून काढून विक्रीपुढे आणला, आणि विक्री 8.10 कोटी दिसली. प्रति डॉलर 81, पहिल्या दिवशी ठरले होते तेवढेच. फॉरवर्डसारख्या डेरिव्हेटिव्हचा तोटा आणि विक्रीचा फायदा एकाच काळात समोरासमोर यावेत, एवढ्यासाठीच हेज अकाउंटिंग असते.

बँकेच्या सौद्याला हे मिळाले नाही. आयएफआरएस 9 या आंतरराष्ट्रीय लेखा मानकाप्रमाणे लिहून दिलेला आणि विकत घेतलेला ऑप्शन एकाच करारात असतील आणि गोळाबेरीज करता तो ‘निव्वळ लिहिलेला ऑप्शन’ ठरत असेल, तर तो हेजिंगचे साधन म्हणून चालत नाही. लिहिलेल्या भागाची नोशनल रक्कम, म्हणजे ज्या रकमेवर सौदा मोजला जातो ती, विकत घेतलेल्या भागापेक्षा मोठी असली की उत्तर तिथेच मिळते. कारणही सरळ आहे: डॉलर वर गेल्यावर तोटा 20 लाखांवर होतो आणि कंपनीकडे येणारे डॉलर फक्त 10 लाख. वरचे 10 लाख कशाचेही संरक्षण करत नाहीत, तो उघडा सट्टा आहे.

ऑडिटरने हे सांगितल्यावर बँकेकडून उत्तर आले, “मग अर्धाच सौदा हेज म्हणून दाखवा.” हे ऐकायला पटते, म्हणूनच धोक्याचे आहे. नियम डेरिव्हेटिव्हचा ठरावीक टक्का हेज म्हणून घेऊ देतो, पण तो टक्का संपूर्ण कराराचा असतो. अर्धा सौदा म्हणजे 5 लाखांचा पुट आणि 10 लाखांचा कॉल. प्रमाण पुन्हा एकास दोनच. सोयीचा कॉल ठेवून उरलेला बाजूला काढण्याची मुभा नाही.

बँकेने दिलेल्या परिणामकारकतेच्या चाचणीत, म्हणजे हेज विक्रीतला बदल कितपत भरून काढते हे पाहणाऱ्या हिशेबात, आकडा 100 टक्के होता. नीट पाहिल्यावर कळले की चाचणीत घेतलेले सगळे भाव 82.50 च्या खालचे होते, आणि तिथे सौदा खरोखर 10 लाखांसारखाच वागतो. 85, 90 आणि 95 हे भाव घातले असते, तर तोटा विक्रीच्या फायद्याच्या दुप्पट निघाला असता. अशी चाचणी हातात आली, तर दोन्ही दिशांचे भाव स्वतः घालून पाहा, एक साधी एक्सेल शीट पुरते.

तिमाहीअखेर, डॉलर 86 असताना, या सौद्याचे मूल्य सुमारे उणे 86.5 लाख निघाले. ते थेट नफा-तोटा पत्रकात गेले, समोर विक्रीचा एक पैसाही नसताना. सौदा शेवटपर्यंत ठेवला असता आणि डॉलर 90 झाला असता, तर चित्र आणखी वाईट होते. 10 लाख डॉलर 82.50 ने गेले असते, म्हणजे 8.25 कोटी. उरलेले 10 लाख बाजारातून 90 ने घेऊन 82.50 ने द्यावे लागले असते, त्यात 75 लाख गेले असते. हातात 7.50 कोटी, प्रति डॉलर 75. सौदा केला त्या दिवशीच्या 80 या भावाहूनही कमी. 2008 मध्ये दक्षिण कोरियातल्या अनेक लहान-मध्यम निर्यातदारांना ‘किको’ नावाच्या सौद्यांनी असेच बुडवले. त्यांतही वर गेल्यावर दुप्पट रक्कम देण्याची अट सर्रास असायची.

तक्रार करायला गेल्यावर करारातले एक कलम पुढे येते: बँक लेखा सल्लागार नाही, ग्राहकाने स्वतःच्या जबाबदारीवर निर्णय घेतला. म्हणून ‘हेज अकाउंटिंग लागू होईल’ हे वाक्य सहीपूर्वी ईमेलवर मागा, आणि तीच टर्म शीट ऑडिटरला त्याच दिवशी पाठवा. दोन्ही भागांची नोशनल रक्कम आणि वेगवेगळा प्रीमियमही लेखी मागा. जो विक्रेता हे भाग वेगळे करून भाव द्यायला नकार देतो, त्याच्याकडे लपवायला काहीतरी नक्की असते. आणि नंतर कोणी मागची तारीख टाकून हेजची नोंद करायला सांगितले, तर ते बिलकुल करू नका. नोंद ज्या दिवशी होते त्या दिवसापासूनच धरली जाते, मागची तारीख टाकणे हा सरळ खोटा हिशेब आहे.

कंपनीने शेवटी तिमाहीनंतर जादा 10 लाखांचा कॉल सुमारे 46.5 लाख देऊन बँकेकडून परत विकत घेतला. उरले 10 लाखांचे पुट आणि 10 लाखांचा कॉल, दोन्ही 82.50 वर, म्हणजे प्रत्यक्षात एक फॉरवर्डच. त्याची त्या दिवशी हेज म्हणून नव्याने नोंद झाली. पण सुरुवातीलाच त्याचे मूल्य उणे 40 लाख होते, त्यामुळे पुढच्या काळात थोडी अपरिणामकारकता नफा-तोटा पत्रकात येत राहिली. ओसीआयमध्ये फक्त नोंदीनंतरचा बदल गेला. आधीचे 86.5 लाख त्या तिमाहीच्या तोट्यातच राहिले, विक्री नोंदली तेव्हाही ते तिच्यासमोर आणता आले नाहीत.