खाटांचा भरणा आणि सरासरी मुक्काम: डिस्चार्जवरून मोजावा की मध्यरात्रीच्या गणतीवरून?

दोन्ही आकडे एकाच बेरजेतून काढायचा मोह होतो, आणि तिथेच घोळ होतो. १० खाटांचा वॉर्ड, जून महिना, म्हणजे ३०० खाट-दिवस. एक रुग्ण १२ मेला दाखल, ३ जूनला घरी. दुसरा ५ जूनला दाखल, महिनाअखेरीस अजून खाटेवरच.

डिस्चार्जच्या पद्धतीत पहिल्याचे सगळे २२ दिवस जूनमध्ये पडतात, दुसऱ्याचा शून्य. मध्यरात्रीच्या गणतीत पहिल्याचे २, दुसऱ्याचे २६. खाटा खरोखर अडल्या त्या २८ दिवस, म्हणजे ९.३ टक्के. भरणा कधी १०० टक्क्यांवर गेलेला दिसला, तर आधी ही गल्लत तपासा.

मेहनतीत डिस्चार्जची पद्धत सोपी, नुसती वजाबाकी. गणतीला महिन्याच्या कडा छाटाव्या लागतात:

```
=MAX(0,MIN(C2,$G$1)-MAX(B2,$F$1))
```

B2 दाखल तारीख, C2 डिस्चार्ज, F1 मध्ये १ जून, G1 मध्ये १ जुलै. C2 रिकामा असेल तर MIN तो वगळते, म्हणून खाटेवरचा रुग्णही मोजला जातो. मात्र तारीख मजकूर म्हणून टाइप झाली असेल तर तीही वगळली जाते आणि घरी गेलेला माणूस महिनाअखेरपर्यंत खाटेवर दिसतो! त्याच दिवशी सुटलेल्याचा मात्र शून्य येतो.

खाटा पुरतात का हे पाहायचं तर गणतीच घ्या. एका आजाराचा रुग्ण सरासरी किती दिवस राहतो हे हवं असेल तर डिस्चार्जची पद्धत.