घरच्या मैदानाचा फायदा: आकडा लीगचा धरावा की प्रत्येक संघाचा?

फुटबॉल सामन्यांचे अंदाज बांधण्यासाठी संघांचं रेटिंग करायला घेतलं की लवकरच एक रकाना अडतो. घरच्या मैदानावर खेळणाऱ्या संघाला किती गोलांची बढत द्यायची? तीन वाटा आहेत. सगळ्या जगाला एकच आकडा, प्रत्येक लीगला वेगळा आकडा, किंवा थेट प्रत्येक संघाला आपापला. तिसरी वाट सगळ्यात खरी वाटते, कारण आपल्या लाडक्या संघाचं मैदान वेगळंच आहे हे प्रत्येक चाहत्याला मनातून पटलेलं असतं. म्हणून तिच्यापासूनच सुरुवात करतो.

लिव्हरपूल घेऊ. 2019-20 च्या प्रीमियर लीगमध्ये त्यांनी घरच्या 19 सामन्यांत 52 गोल केले आणि 16 खाल्ले, म्हणजे अधिक 36. बाहेरच्या 19 सामन्यांत 33 केले, 17 खाल्ले, म्हणजे अधिक 16. पुढच्या मोसमात कोविडमुळे त्यांचं मैदान अ‍ॅनफील्ड जवळजवळ पूर्ण मोसमभर रिकामं होतं. घरी 29-20, बाहेर 39-22. आधीच्या मोसमात घरी एकही सामना न हरलेला संघ आता तिथे लागोपाठ सहा सामने हरला.

केवळ घरचे निकाल पाहून चालत नाही, कारण त्याच मोसमात व्हॅन डाइक, गोमेझ आणि माटिप हे तिघे बचावपटू जायबंदी झाले होते. ती झळ घरी आणि बाहेर दोन्हीकडे बसते. म्हणून घरच्या फरकातून बाहेरचा फरक वजा करायचा. संघाची ताकद त्यात कटते आणि मैदानाचा फायदा उरतो. प्रत्येक जोडी घरी एकदा, बाहेर एकदा खेळते अशा लीगसाठी सूत्र असं:

```
h = (HGD - AGD - H) / (N - 2)
```

`h` म्हणजे संघाचा दर सामन्यामागे घरचा फायदा, `HGD` म्हणजे त्या संघाचा घरचा एकूण गोलफरक, `AGD` बाहेरचा, `N` संघांची संख्या. `H` काढायला सगळ्या संघांच्या घरच्या गोलफरकांची बेरीज करून तिला `N - 1` ने भागायचं. 2019-20 मध्ये यजमान संघांनी मिळून 576 गोल केले, पाहुण्यांनी 458. फरक 118, म्हणून `H` 6.21. लिव्हरपूलचा फायदा (36 - 16 - 6.21) / 18, म्हणजे दर सामन्याला 0.77 गोल. 2020-21 मध्ये यजमानांचे 514 आणि पाहुण्यांचे 510, `H` 0.21, आणि लिव्हरपूलचा आकडा वजा 0.46.

एवढं पाहून कुणीही म्हणेल, अ‍ॅनफील्डचा गजर गेला आणि संघ कोसळला. पण इथे थांबून या आकड्यात गोंगाट किती आहे ते मोजायलाच हवं. एका सामन्याचा गोलफरक अपेक्षेपेक्षा साधारण पावणेदोन गोलांनी इकडेतिकडे होतो. 38 सामन्यांची ही हलचल वरच्या सूत्रात घातली की `h` ची प्रमाणत्रुटी, म्हणजे नुसत्या योगायोगाने तो साधारण किती हलतो ते, सुमारे 0.6 गोल येते. दोन मोसमांमधल्या फरकाची त्रुटी 0.85. आपल्याला दिसलेली घसरण 1.23 गोलांची, म्हणजे त्रुटीच्या दीडपटही नाही. वीस संघ असले की नुसत्या योगायोगाने दोन-तीन संघांच्या बाबतीत अशी उलथापालथ होणारच, आणि आपण नेमकं त्यांनाच निवडून गोष्ट रचतो. एका मोसमावरून संघाचा स्वतंत्र आकडा काढू नका, असं मी म्हणतो ते या हिशोबावरून.

लीगचा आकडा याउलट चांगला तग धरतो. 380 सामन्यांवर त्रुटी फक्त 0.09. इंग्लंडमध्ये सरासरी फायदा 0.31 वरून 0.01 वर आला, आणि ही घसरण त्रुटीच्या दुपटीहून जास्त आहे. 2020-21 मध्ये पाहुणे 153 सामने जिंकले आणि यजमान 144. इंग्लंडच्या अव्वल लीगच्या इतिहासात असं पहिल्यांदाच घडलं. प्रेक्षक परतले त्या 2021-22 मध्ये यजमानांचे विजय पुन्हा 163 झाले, पाहुण्यांचे 129.

पण इथेही घाई नको. जर्मनीची बुंडेसलिगा मे 2020 मध्ये रिकाम्या मैदानांवर सुरू झाली तेव्हा यजमानांच्या विजयांचं प्रमाण सुमारे 43 टक्क्यांवरून 33 वर आलं, आणि जगभर बातम्या झाल्या. त्याच उन्हाळ्यात प्रीमियर लीगचे उरलेले 92 सामनेही रिकाम्या मैदानांवर झाले, आणि तिथे ते प्रमाण घसरलंच नाही. ऐंशी-नव्वद सामन्यांत टक्केवारी पाचेक अंकांनी सहज हलते. शिवाय मोसमाच्या शेवटच्या फेऱ्यांत कोण कुणाच्या घरी खेळतं ते समतोल नसतं, त्यामुळे वरचं सूत्र तिथे चालत नाही. दोन्ही संघांची ताकद धरून समाश्रयण करावं लागतं.

मग संघाचं वेगळेपण सोडूनच द्यायचं का? नाही, ते लीगच्या सरासरीकडे ओढून घ्यायचं. संघासंघांतला खरा फरक 0.2 गोलांचा धरू, तोही सढळ हाताने. मग हा 0.2 आणि वरची 0.6 ची त्रुटी यांचे वर्ग घेऊन एका मोसमाच्या आकड्याला मिळणारं वजन 0.04 / (0.04 + 0.36), म्हणजे दहा टक्के. लिव्हरपूलचा 2019-20 चा 0.77 त्यामुळे 0.36 होतो, लीगच्या 0.31 च्या जेमतेम वर. दहा मोसमांची सरासरी हाती असेल तर वजन निम्म्यावर जातं. तेव्हा संघाचं ऐकायला अर्थ येतो, मात्र दहा वर्षांत मैदान आणि प्रशिक्षक तेच राहिले का, हे आधी पाहावं.

रिकाम्या मैदानांनी कारणांबद्दल जे शिकवलं ते मला सगळ्यात मोलाचं वाटतं. प्रवास तोच होता, गवत तेच होतं, ड्रेसिंग रूमही तीच. गेला तो फक्त आवाज. अनेक लीगमध्ये पाहुण्यांना मिळणाऱ्या जादा पिवळ्या कार्डांची दरी त्या काळात बुजली. 2002 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगाशी हे जुळतं. त्यात 40 पंचांना लिव्हरपूल-लेस्टर सामन्यातल्या 47 झटापटी दाखवल्या, काहींना प्रेक्षकांच्या आवाजासह, काहींना आवाज बंद करून. आवाज ऐकणाऱ्यांनी यजमानांविरुद्ध सुमारे 15 टक्के कमी फाउल दिले. म्हणून सामन्याला प्रेक्षक होते की नाही याची खूण लीगच्या पातळीवर वेगळी ठेवा, संघागणिक नको. अपवाद जिथे कारण डोळ्यांना दिसतं तिथे: बोलिव्हियाचा राष्ट्रीय संघ वर्षानुवर्षं ला पाझला 3,600 मीटर उंचीवर खेळायचा, आणि ती विरळ हवा रिकाम्या मैदानातही तशीच राहते.

शेवटी, आकडे भरण्याआधी मैदानाचा रकाना तपासा. 2020-21 ची प्रीमियर लीगसुद्धा पूर्ण रिकामी नव्हती; डिसेंबरमध्ये अ‍ॅनफील्डवर 2,000 लोक होते, शेवटच्या सामन्यालाही प्रेक्षक आले. इंडियन सुपर लीगचा सापळा याहून मोठा आहे. 2020-21 आणि 2021-22 चे मोसम संपूर्ण गोव्यात झाले, फातोर्डा, बांबोळी आणि वास्कोच्या टिळक मैदानावर. फाइलमध्ये मात्र प्रत्येक सामन्याला एक यजमान लिहिलेला दिसतो. तिथे केरळ ब्लास्टर्स यजमान म्हणजे गोव्यातच यजमान, आणि एफसी गोवा फातोर्ड्यात पाहुणा. हे दोन मोसम तसेच मिसळले तर लीगचा फायदा शून्याकडे ओढला जातो. गोवा सोडून बाकी संघांचे सामने सरळ तटस्थ धरा. गोव्याचे बाजूला काढा, कारण ते यजमान असोत की पाहुणे, राज्य त्यांचंच होतं.