राजमा: गॅसवर उकळलेला की थेट स्लो कुकरमधला?

दोन्हीकडे राजमा मऊ होतो, पण मऊ झाला म्हणजे विष गेलं असं नाही, खरी मेख इथेच आहे. कच्च्या राजम्यातलं लेक्टिन हे विषारी प्रथिन नुसत्या भिजवण्याने जात नाही, त्याला खळखळती उकळी लागते. गॅसवर ती मिळते: ५ तास तरी भिजवा, ते पाणी फेका, ताज्या पाण्यात पूर्ण उकळी आल्यापासून किमान १० मिनिटं, मी तर ३० ठेवते. स्लो कुकर बरेचदा ७५-८० डिग्रीवरच राहतो, आणि तेवढ्यावर विषाचा जोर उलट वाढू शकतो. असे चार-पाच दाणे खाल्ले तरी १ ते ३ तासांत उलट्या सुरू होऊ शकतात. स्लो कुकर हवाच असेल तर आधी उकळून मगच टाका.