जुनी मराठी पुस्तकं ऑनलाइन विकण्याचा अनुभव: प्रतीची अवस्था, फोटो आणि किंमत

सासऱ्यांच्या संग्रहातली आणि आमची स्वतःची मिळून काही शे पुस्तकं घरात होती. ती रद्दीत जाऊ द्यायची नव्हती आणि सगळी ठेवायला जागाही नव्हती. गेल्या वर्षीच्या पावसाळ्यानंतर मी ती समाजमाध्यमांवरच्या जुन्या पुस्तकांच्या गटांमध्ये आणि एका जाहिरातींच्या अॅपवर विकायला सुरुवात केली. आता बरेच महिने झाले आहेत. या पद्धतीने पुस्तकं नीट विकली जातात, पैसे थोडे पण खरे मिळतात, आणि सगळा खेळ प्रतीच्या अवस्थेच्या वर्णनावर ठरतो. म्हणून त्याबद्दल सर्वात जास्त लिहिते.

जुन्या पुस्तकाच्या जाहिरातीत 'उत्तम स्थितीत' हे शब्द सर्रास दिसतात. त्यातून ग्राहकाला काहीच कळत नाही, कारण प्रत्येकाचं 'उत्तम' वेगळं असतं. मी चार पायऱ्या ठरवल्या आणि प्रत्येक वेळी त्यांचा अर्थही लिहायला लागले. 'नव्यासारखं' म्हणजे दुकानातून आणून एकदा वाचलेलं: कण्यावर एकही घडी नाही, पानं पांढरी, आत काहीही लिहिलेलं नाही. 'छान' म्हणजे कोपरे जरा मऊ झालेले, पानं थोडी पिवळसर, पण बांधणी घट्ट आणि आतला मजकूर कोरा. 'चांगलं' या पायरीवर पहिल्या पानावर नाव, ग्रंथालयाचा शिक्का, काही पानांवर पेन्सिलच्या रेघा, कण्यावर घड्या असं सगळं चालतं, मात्र ते मोजून लिहायचं. चौथी पायरी 'वाचण्यापुरती प्रत'. मुखपृष्ठ सुटलेलं, डाग पडलेले, पण सगळी पानं हजर आणि वाचता येतात. एखादं पान नसेल तर ते पुस्तक कोणत्याच पायरीत बसत नाही. ते विकायचं असलंच तर 'अपूर्ण प्रत' म्हणून.

पानं हजर आहेत की नाही हे बघण्याची एक सोपी रीत आहे. छपाईत बहुधा सोळा पानांचा एक फर्मा असतो आणि बांधणीत चूक झाली तर अख्खा फर्मा गायब होतो, उलटा लागतो किंवा दोनदा येतो. म्हणून मी पान क्रमांक १६, ३२, ४८ असे सांधे तपासते. तिथे क्रमांक सलग असले की फर्म्यांची चिंता मिटते. मग अंगठ्याखालून पानं भराभर सोडते, म्हणजे अधोरेखित केलेली, दुमडलेली आणि फाटलेली पानं नजरेत भरतात. पुस्तक टेबलावर मधोमध उघडून ठेवलं की बांधणीचंही कळतं. शिवलेली बांधणी सपाट पसरते आणि तरीही पानं धरून ठेवते. नुसत्या गोंदाने चिकटवलेल्या जुन्या पुस्तकाचा गोंद सुकून कडक झालेला असतो, आणि जोर दिला की कण्याला तडा जातो. अशी पुस्तकं फार उघडून दाखवू नयेत. 'गोंद सुकला आहे, जपून उघडावं' एवढं वर्णनात लिहावं.

आपल्याकडच्या दमट हवेत दोन खुणांमधला फरक ओळखता यायलाच हवा. पानांवर गंजासारखे तपकिरी ठिपके असतात, हात फिरवला तर ते सपाट लागतात आणि पुसले जात नाहीत. ते डाग दिसायला वाईट, पण शेजारच्या पुस्तकाला त्यांचा सहसा त्रास होत नाही. दुसरी खूण म्हणजे पांढरट किंवा हिरवट भुकटी, कोरड्या ब्रशने निघते आणि पुस्तक मधोमध उघडून नाकाशी नेलं तर कुबट वास येतो. ती बुरशी. असं पुस्तक बाकीच्यांपासून लगेच वेगळं काढावं, कोरड्या हवेत उभं उघडून ठेवावं आणि वास गेला नाही तर विकू नये. घेणाऱ्याच्या कपाटात ती बुरशी पुढे पसरू शकते. कीडही बघावी लागते. कसर कागदाचा पृष्ठभाग आणि खळ खरवडते, म्हणून मुखपृष्ठावर वेडेवाकडे खरबरीत चट्टे दिसतात. पानांतून आरपार गेलेली बारीक गोल भोकं दुसऱ्या किड्याची असतात. वाळवी मातीचे माग सोडते. भोकातून ताजी भुकटी पडत असेल तर कीड अजून आत आहे असं समजावं.

सेलोटेपने केलेली दुरुस्तीही वर्णनात लिहायची. त्याचा गोंद काही वर्षांत पिवळा पडून कागदात मुरतो आणि तो डाग जात नाही. विक्रीआधी स्वतः टेप लावून पुस्तक 'नीट' करायला जाऊ नये, त्याने प्रतीची किंमत कमी होते.

फोटोंसाठी वेगळं काही लागत नाही. खिडकीजवळचा सावलीतला दिवसाचा उजेड आणि फोन पुरतो. फ्लॅश नको, लॅमिनेशन चमकतं आणि मुखपृष्ठावर पांढरा डाग येतो. रात्री पिवळ्या दिव्याखाली काढलेल्या फोटोत चांगली पानंही पिवळी दिसतात, तर पांढऱ्या ट्यूबखाली पिवळी पानं पांढरी भासतात. म्हणून आतल्या पानाचा फोटो काढताना शेजारी छपाईच्या कोऱ्या कागदाचा तुकडा ठेवते, म्हणजे बघणाऱ्याला खरा रंग कळतो. फोन फार जवळ नेला की पुस्तकाच्या कडा वाकड्या येतात, म्हणून थोडं लांब उभं राहून दुप्पट झूम वापरते.

प्रत्येक पुस्तकाचे साधारण सहा फोटो मला पुरतात: मुखपृष्ठ, कणा, मलपृष्ठ, आवृत्ती आणि छापील किंमत असलेलं पान, मधलं एक उघडं पान, आणि प्रतीतला सगळ्यात मोठा दोष. कणा आणि घड्यांसाठी उजेड बाजूने पडू द्यावा, समोरून पडला तर घड्या दिसेनाशा होतात. दोषाच्या फोटोत शेजारी रुपयाचं नाणं ठेवलं की डागाचा आकार सांगावा लागत नाही. हा दोषाचा फोटो मी मुखपृष्ठानंतर लगेच, दुसऱ्या क्रमांकावर टाकते. त्याचा परिणाम स्पष्ट दिसला. आधी भाव पाडायला येणारे लोक 'काही खराब नाही ना?' इथून सुरुवात करायचे. आता तो प्रश्नच येत नाही. सांगलीच्या एका प्राध्यापकांनी विचारलं, "ताई, शाईच्या रेघा किती पानांवर आहेत?" त्यांना मी त्या पानांचे क्रमांक पाठवले आणि त्यांनी मी सांगितलेल्या किमतीला पुस्तक घेतलं. अभ्यासाचं पुस्तक घेणाऱ्याला रेघा चालतात. त्या कुठे आहेत हे न सांगणं त्याला चालत नाही.

आता किंमत. पहिला प्रश्न असा की तेच पुस्तक आज नवं मिळतं का? मिळत असेल तर नवी प्रत दारात येईपर्यंत घेणाऱ्याला जी रक्कम पडते, तीच वरची मर्यादा. एक उदाहरण घेऊ. माझ्याकडच्या एका कादंबरीवर जुनी छापील किंमत १२० रुपये होती आणि नव्या आवृत्तीवर ४०० रुपये. सवलतीत ती ३२० ला मिळत होती, घरपोच खर्च ५० रुपये, म्हणजे नवी प्रत ३७० ला. माझी प्रत 'चांगलं' पायरीतली: पहिल्या पानावर नाव, कण्यावर दोन घड्या. या पायरीला मी नव्याच्या निम्मी किंमत धरते, म्हणजे १८५, पाठवण्याच्या खर्चासह. टपाल आणि पॅकिंगचे मिळून ४५ रुपये धरले तर हातात १४० येतात. 'छान' प्रतीला मी साठ टक्के लावते आणि 'वाचण्यापुरती' असेल तर पाव ते एक तृतीयांश. हे प्रमाण माझं आहे, पण त्यावर पुस्तकं थोड्या दिवसांत जातात असा अनुभव आहे. या हिशोबात हातात पन्नास रुपयांखाली पडत असतील तर ते पुस्तक एकटं विकत नाही. एकाच लेखकाची किंवा एकाच विषयाची चार-पाच मिळून संच करते.

बाजारात नसलेल्या पुस्तकांचं गणित वेगळं. इतरांनी जाहिरातीत लावलेली किंमत पाहून आपली ठरवू नये. दोन हजार रुपयांची जाहिरात महिनोनमहिने तशीच पडून असेल, तर त्या किमतीला कोणी घेत नाही एवढंच त्यातून कळतं. गटांमध्ये 'विकलं' असं लिहिलेल्या जुन्या जाहिराती शोधाव्यात, त्यातल्या किमती खऱ्या. काहीच सापडलं नाही तर थोडी चढी किंमत लावून दोन आठवडे थांबते आणि मग टप्प्याटप्प्याने खाली आणते. पहिल्याच तासात तीन जणांचे निरोप आले तर किंमत कमी लावली आहे हे उघड आहे, पण लावलेली किंमत मी वाढवत नाही, पहिल्याने विचारलं त्याला देते. एक धोकाही आहे: प्रकाशकाने पुनर्मुद्रण आणलं की जुन्या प्रतीची किंमत एकदम उतरते. ज्यांना फक्त पहिली आवृत्ती हवी असते ते संग्राहकच मग राहतात, म्हणून आवृत्तीच्या पानाचा फोटो महत्त्वाचा.

पाठवण्यासाठी भारतीय टपाल खात्याची 'ज्ञान पोस्ट' सेवा मला सोयीची पडली. ती १ मे २०२५ पासून सुरू झाली आहे. ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपयांपासून ५ किलोला १०० रुपयांपर्यंत दर आहेत, कर वेगळा, आणि पाकिटाचा माग काढता येतो. ती अभ्यासक्रमाच्या तसंच साहित्यिक, सांस्कृतिक, धार्मिक पुस्तकांसाठी आहे आणि पुस्तकावर मुद्रक किंवा प्रकाशकाचं नाव असावं लागतं. रस्त्याने किंवा रेल्वेने जात असल्यामुळे वेळ लागतो, तेवढं घेणाऱ्याला आधी सांगावं. वजन वाढतं तसा किलोमागचा खर्च झपाट्याने उतरतो, संच विकण्याचं तेही एक कारण. पॅकिंगमध्ये आधी प्लास्टिक, मग पुस्तकापेक्षा बोटभर मोठे दोन पुठ्ठे, वरून खाकी कागद. मार कोपऱ्यांना बसतो, त्यामुळे पुठ्ठा बाहेर आलेला असलाच पाहिजे.

पैसे आधी घेते, यूपीआयवर. 'पैसे मिळवण्यासाठी हा कोड स्कॅन करा' असं म्हणणारा माणूस ग्राहक नसतो. पैसे घेताना पिन कधीच टाकावा लागत नाही.

जी पुस्तकं विकायच्या भानगडीत मी पडत नाही ती अशी: स्पर्धा परीक्षांच्या जुन्या आवृत्त्यांची मार्गदर्शकं, बदललेल्या अभ्यासक्रमाची शालेय पुस्तकं (बालभारतीची पुस्तकं ऑनलाइन मोफत मिळतात), आणि मधला एखादा भाग हरवलेले संच. संचाचा हरवलेला भाग सुटा कुठे मिळतो का ते मात्र आधी बघते, कारण पूर्ण झालेल्या संचाला सुट्या भागांच्या बेरजेपेक्षा कितीतरी जास्त किंमत येते.