गणपतीच्या सेलचा मेसेज: ऐसपैस की आटोपशीर?

कुडाळच्या बाजारात माझं छपाईचं छोटं दुकान आहे. पूर्वी गणपतीआधी हँडबिलं छापायचो, आता निम्मे दुकानदार म्हणतात, "व्हॉट्सअ‍ॅपवर टाकूक मजकूर लिवन दी." कोकणमेव्याचं दुकान चालवणारे एक काका 2025 च्या गणपतीत असाच मजकूर घेऊन आले होते. तो मजकूर आणि आम्ही बदललेला, असे दोन्ही इथे शेजारी ठेवतो. यंदा कोणता पाठवायचा हे ज्याचं त्याने ठरवावं.

काकांचा मूळ मजकूर असा:

"सर्व ग्राहक, हितचिंतक व मित्रपरिवारास गणेशोत्सवाच्या हार्दिक शुभेच्छा! गेली अनेक वर्षे आपल्या सेवेत कार्यरत असलेल्या आमच्या दुकानात गणेशोत्सवानिमित्त भव्य सेलचे आयोजन करण्यात आले आहे. काजूगर, आमसुले, कोकम आगळ, आंबापोळी, फणसपोळी, मालवणी मसाला, कुळीथ पीठ, खाजे व इतर दर्जेदार उत्पादनांवर 10 ते 40 टक्क्यांपर्यंत आकर्षक सवलत. ऑफर मर्यादित कालावधीसाठी. अटी लागू. तरी एकदा अवश्य भेट द्यावी. अधिक माहितीसाठी फोन करा, आमचा ग्रुप जॉइन करा, फेसबुक पेज लाइक करा व हा मेसेज आपल्या परिचितांना फॉरवर्ड करा."

यात खोटं काहीच नाही, तरी वाचणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. पाच कामं सांगितली आहेत: भेट द्या, फोन करा, जॉइन करा, लाइक करा, फॉरवर्ड करा. ज्याला पाच कामं सांगितली तो त्यातलं सगळ्यात सोपं करतो, म्हणजे अंगठा दाखवून पुढे जातो. मेसेज लांबला की व्हॉट्सअ‍ॅप तो मध्येच तोडून `Read more` दाखवतं. इथे सवलत आणि विनंती तळाशी आहेत, म्हणजे शुभेच्छा आणि "आयोजन करण्यात आले आहे" वाचूनच माणूस दमतो.

"10 ते 40 टक्के" हा तर घरचा भेदी. विचारलं तेव्हा कळलं, 40 टक्के फक्त जुन्या आंबापोळीवर होते आणि काजूगरावर 10. गिऱ्हाईक 40 डोक्यात धरून काजूगर मागतं आणि गल्ल्यावर वाद होतो. "अटी लागू" लिहिलं म्हणून तो वाद टळत नाही.

लिहायला बसण्याआधी मी काकांना एकच विचारलं, हा मेसेज नक्की कोणाला? उत्तर आलं, चाकरमान्यांना. मग सेल हा शब्दच मागे पडला. गौरी-गणपतीचं विसर्जन झालं की चाकरमानी दुसऱ्या दिवशी कोकणकन्या किंवा तुतारी धरतो. त्याआधीचे दोन दिवस आरत्या, पाहुणे आणि घर बंद करायची आवराआवर. त्याला सवलतीपेक्षा वेळेची चणचण जास्त. त्या वर्षी चतुर्थी 27 ऑगस्टला होती आणि गौरी-गणपती विसर्जन मंगळवारी, 2 सप्टेंबरला. या हिशोबाने नवा मजकूर असा झाला:

"मंगळवारी विसर्जन, बुधवारी मुंबईची गाडी?
*गावची पिशवी ₹990* (सुटं घेतल्यास ₹1,100)
मालवणी मसाला अर्धा किलो, आमसुलं अर्धा किलो, कुळथाचं पीठ 1 किलो, आगळ 1 लिटर, खाजं पाव किलो.
सोमवारी रात्री 8 पर्यंत *पिशवी* असं लिहून पाठवा. बांधून ठेवतो. स्टेशनला जाताना उचला, पैसे तेव्हाच."

सवलत 10 टक्केच आहे, पण आता ती 110 रुपये म्हणून दिसते. "मर्यादित कालावधी"च्या जागी वार आणि वेळ आली, तीही गिऱ्हाइकाच्या प्रवासावरून ठरलेली. आणि काम एकच उरलं, एक शब्द लिहायचा.

"दुकानात या" ही एकच विनंती ठेवली असती तरी मजकूर आटोपशीरच झाला असता, आणि काकांचा कल तिकडेच होता, कारण माणूस आत आला की चार वस्तू जास्त घेतो. बरोबर आहे. चतुर्थीच्या आधी, गावातल्याच गिऱ्हाइकांसाठी मी तीच विनंती ठेवीन. पण विसर्जनानंतरच्या चाकरमान्याला दुकानात उभं राहायला वेळ नसतो. शिवाय शब्द लिहून आला की सोमवारी रात्री नेमका आकडा हातात येतो आणि तेवढाच मसाला भरून ठेवता येतो. यात तोटा एकच: आगाऊ पैसे नसल्याने काही पिशव्या पडून राहतात. म्हणून पिशवीत पटकन खराब होणारं काही घेतलं नाही, उरलेली पिशवी उघडून माल परत फळीवर लावता येतो. आगळाची बाटली मात्र वेगळी बांधायची, गाडीत ती कलंडली तर मसाल्याचं काय होतं ते सांगायला नको.

काका अडले ते पहिल्या ओळीपाशी. "शुभेच्छा नाय दिल्यो तर लोक काय म्हणतले?" हे मलाही पटलं. चतुर्थीच्या सकाळी निव्वळ शुभेच्छांचा वेगळा मेसेज पाठवला, त्यात मालाचं अवाक्षर नाही. शुभेच्छांच्या शेपटीला सेल बांधला की दोन्हींचा मान जातो, असं माझं मत.

एक चूक माझीही झाली. पहिल्या खर्ड्यात मी "याच नंबरावर लिहून पाठवा" म्हटलं होतं. मेसेज काकांकडून थेट आला तर ते ठीक. पण कोणी तो घरच्या ग्रुपवर पुढे पाठवला की "याच नंबरावर"ला अर्थच उरत नाही, आणि लोक ग्रुपमध्येच "पिशवी, पिशवी" लिहीत बसतात. म्हणून शेवटी ही एक ओळ जोडली:

```
https://wa.me/91XXXXXXXXXX?text=Pishvi
```

एक्सच्या जागी दुकानाचा दहा अंकी नंबर घालायचा, आधी अधिकचं चिन्ह किंवा शून्य नको. दाबलं की काकांचं चॅट उघडतं आणि `Pishvi` आधीच लिहिलेलं असतं, गिऱ्हाइकाने फक्त पाठवायचं. लिंक एकच ठेवायची. शेजारी फेसबुकची दुसरी आली की पुन्हा पहिल्यासारखं.

मजकूर कितीही बरा झाला तरी पोहोचण्याची मर्यादा राहतेच. ब्रॉडकास्ट यादीत 256 जण मावतात, आणि ज्यांनी दुकानाचा नंबर फोनमध्ये जतन केलाय त्यांनाच तो मिळतो. गेल्या मे महिन्यात आंबे नेलेल्यांनी नंबर जतन केला नसेल, तर त्यांच्यापर्यंत यातला कोणताच मजकूर जाणार नाही.

मग लांब मजकूर टाकाऊच का? नाही. दुकानाच्या दारावरच्या फलकाला तीच सगळी यादी शोभते, कारण तिथे माणूस आधीच आलेला असतो आणि आणखी काय आहे ते बघत असतो. फक्त "10 ते 40" काढून प्रत्येक वस्तूसमोर तिचा भाव लिहायचा. ज्याने "पिशवी" लिहिलं त्यालाही उत्तरात भावफलकाचा फोटो पाठवता येतो.

पाठवल्यावर येणारी उत्तरं बघत राहायची. "पिशवी" येत असेल तर मजकूर लागू पडला. "दुकान खंय?", "मसालो तिखट काय?" असे प्रश्न येऊ लागले तर तेवढंच मजकुरात कमी आहे. काकांना पहिल्याच तासात तिघांनी विचारलं, "दुकान स्टेशनच्या वाटेवर आसा मां?" संध्याकाळच्या यादीला पाठवताना "स्टेशन रोडलाच" एवढे दोन शब्द वाढवले.