मरणारा चेहरा की शोक करणारे हात? आर्मेरो आणि कडलूर शेजारी ठेवून

आपत्तीनंतर पहिल्या दोन-तीन दिवसांत छायाचित्रकार तिथे पोचला, की त्याच्यापुढे दोन प्रकारची माणसं येतात. काही मरणाच्या दारात असतात आणि काहींचं माणूस नुकतंच गेलेलं असतं. वर्तमानपत्राच्या डेस्कवर या दोन्ही फोटोंना एकच नियम लावला जातो: ‘फार विदारक नको’. हा नियम निरुपयोगी आहे. दोन्ही फोटो काय सांगतात, कोणाकडून काय घेतात आणि कोणाच्या उपयोगी पडतात, हे वेगवेगळं असतं. म्हणून गाजलेली दोन छायाचित्रं शेजारी ठेवून पाहू. दोन्हींना वर्ल्ड प्रेस फोटोचा वर्षातला सर्वोत्तम फोटो हा मान मिळाला होता. टीका मात्र पहिल्याच्या वाट्याला कितीतरी जास्त आली.

पहिलं छायाचित्र कोलंबियातल्या आर्मेरोचं. 13 नोव्हेंबर 1985 च्या रात्री नेवादो देल रुइस ज्वालामुखीचा उद्रेक झाला. शिखरावरचं बर्फ वितळून चिखलाचा प्रचंड लोंढा दरीतून उतरला आणि सुमारे दोन-अडीच तासांत गावावर येऊन आदळला. वीस हजारांहून जास्त माणसं गेली. ओमायरा सांचेझ ही 13 वर्षांची मुलगी घराच्या ढिगाऱ्यात अडकली. पाणी गळ्यापर्यंत आलेलं आणि पाय खाली दाबलेले. पाणी उपसायला वेळेत पंप मिळाला नाही. पाय कापून तिला सोडवावं, तर त्यासाठी लागणारी साधनं तिथे नव्हती. साठेक तास ती तशीच होती आणि 16 नोव्हेंबरला गेली. फ्रेंच छायाचित्रकार फ्रांक फुर्निए तिच्यापाशी पोचला तेव्हा शेवटचे सुमारे तीन तास उरले होते. त्याच्या फोटोत ती थेट कॅमेऱ्याकडे पाहते आहे, आणि तिचे डोळे काळेभोर झालेले आहेत.

दुसरं छायाचित्र तमिळनाडूतल्या कडलूरचं. 26 डिसेंबर 2004 च्या त्सुनामीनंतर दोन दिवसांनी रॉयटर्सच्या अर्को दत्ता यांनी ते टिपलं. एक बाई वाळूवर पालथी पडून आक्रोश करते आहे. तळवे वर, आभाळाकडे उघडे. तिच्या नात्यातलं जे माणूस गेलं, त्याचा फक्त हात कडेला चौकटीत येतो. बाकी देह बाहेर ठेवला आहे.

दुसरा फोटो सभ्य आणि पहिला क्रूर, असा निकाल देणं सोपं आहे. मला तो घाईचा वाटतो.

आर्मेरोच्या फोटोवर पहिला आरोप झाला तो असा: फोटो काढण्याऐवजी त्याने तिला बाहेर का नाही काढलं? ही शंका प्रत्येक वेळी घ्यायलाच हवी, पण तिचं उत्तर जागेवरच्या परिस्थितीत असतं. तिथे बचावकर्ते होते, पाण्यात उतरून तिला धरून बसलेली माणसं होती. तिथे हातांपेक्षा पंपाची कमतरता होती. आणखी एका माणसाने कॅमेरा खाली ठेवल्याने तो पंप आला नसता. छायाचित्रकाराने स्वतःला विचारायचा प्रश्न तेवढाच आहे: इथे माझ्या दोन हातांनी काही बदलेल का? बदलणार असेल तर फोटोचा विचारच नको. नसेल तर पुढच्या प्रश्नाकडे जायचं.

पुढचा प्रश्न असा की, चेहरा दाखवल्याशिवाय ही गोष्ट सांगता आली असती का? इथे दोन्ही फोटो खरे वेगळे होतात. उद्रेकाच्या महिनाभर आधी धोक्याचा नकाशा तयार झाला होता आणि आर्मेरो त्यात लोंढ्याच्या वाटेवर दाखवलं होतं. त्या संध्याकाळी राख पडत असताना लोकांना शांत राहायला सांगितलं गेलं. म्हणजे इशाऱ्याकडे दुर्लक्ष झालंच, आणि नंतर मदतही अपुरी पडली. फोटो निघाला त्या क्षणी ही दुसरी चूक अजून चालू होती. मुलगी जिवंत होती, बोलत होती. ग्लानीत तिने फुर्निएला आपल्याला शाळेत पोचवायला सांगितलं, उशीर होईल म्हणून, असं त्याने पुढे सांगितलं आहे. वाचवता येण्याजोगं माणूस वाचवलं जात नाही, हे पाठमोऱ्या आकृतीतून कळत नाही. चिखलाच्या विस्तीर्ण दृश्यातून तर नाहीच. तो पुरावा तिच्या चेहऱ्यातच होता.

कडलूरला तसं नव्हतं. सुमात्राजवळच्या भूकंपानंतर लाटा तमिळनाडूच्या किनाऱ्यावर पोचायला इथेही दोन तासांहून जास्त वेळ लागला होता, आणि हिंदी महासागरात त्सुनामीचा इशारा देणारी यंत्रणा नव्हती. दोषाची बाजू इथेही आहे. पण त्या बाईच्या चेहऱ्यात किंवा मृताच्या चेहऱ्यात त्याचा कुठलाही पुरावा नव्हता. गेलेला माणूस गेला होता. फोटोने सांगायचं होतं ते दुःखाचं माप, आणि त्यासाठी उघडे तळवे पुरले. देह चौकटीबाहेर ठेवून दत्तांनी काहीच गमावलं नाही. दोन्ही फोटोंत त्या दोन-अडीच तासांबद्दल काहीच दिसत नाही, हेही लक्षात घ्या. ते फोटोखालच्या ओळीत, मजकुरातच लिहावं लागतं. ज्या डेस्कवर फोटो मोठा आणि ओळ दोन शब्दांची असते, तिथे ‘फोटो साक्ष देतो’ हा युक्तिवाद करू नये.

आता या हिशेबाला अडचणीत आणणारं तिसरं उदाहरण. डिसेंबर 1984, भोपाळ. मातीत पुरलं जात असलेलं एक अनोळखी मूल, डोळे उघडे, आणि एक हात त्याच्या चेहऱ्याजवळची माती सारतो आहे. रघु राय यांनी हे दृश्य कृष्णधवल टिपलं आणि पाब्लो बार्थोलोम्यू यांनी रंगीत. मूल मेलेलं होतं, वाचवण्यासारखं काही उरलं नव्हतं. माझा वरचा निकष लावला तर चेहरा टाळायला हवा होता. तरी मी हा फोटो छापला असता. भूकंपात ढिगारा साक्ष देतो, पुरात चिखलाची रेघ भिंतीवर राहते. वायूने मात्र घरं होती तशीच उभी ठेवली. काय घडलं ते फक्त शरीरांवर लिहिलेलं होतं, आणि समोर एक कंपनी होती. म्हणून निकष जरा सुधारून मांडतो: चेहरा हाच पुरावा असेल आणि तो पुरावा नाकारला जाण्याची शक्यता असेल, तर चेहरा. नाहीतर हात, पाठ, चप्पल, जागा.

संमतीचं काय? आर्मेरोत 13 वर्षांची मुलगी, तीही ग्लानीत. तिच्याकडून अर्थपूर्ण संमती मिळणं अशक्य. आई त्या वेळी बोगोतात होती. फोटो छापले गेले तोवर मुलगी गेलेली होती. इथे संमती होती असं कोणी म्हणू नये, फुर्निएच्या बाजूनेही नाही. त्या फोटोचं समर्थन करायचं तर संमती नसतानाच्या पूर्ण वजनासकट करावं लागतं. शोक करणाऱ्या माणसाचं वेगळं असतं. त्या क्षणी तो परवानगी देऊ शकत नाही, पण नकार देऊ शकतो. मान फिरवतो, हात आडवा करतो, नातेवाईक मध्ये उभा राहतो. हा नकार दिसेल इतक्या जवळ छायाचित्रकार असला पाहिजे.

लेन्सबद्दल एक गैरसमज म्हणूनच दूर करायला हवा. लांबून काढलेला फोटो आदराचा, असं मानलं जातं. 70-200 मिलीमीटरच्या लांब पल्ल्याच्या लेन्सने रस्त्यापलीकडून रडणारा चेहरा ओढून घेता येतो, पण त्या माणसाला तुम्ही तिथे आहात हेच कळत नाही. 28 किंवा 35 मिलीमीटरच्या रुंद लेन्सला तुम्हाला दोन-तीन पावलांवर गुडघे टेकून बसावं लागतं. तुम्ही दिसता. तुम्हाला हाकलता येतं. शिवाय रुंद चौकटीत आजूबाजूची माणसं, आधार देणारे हात येतात आणि दुःख एकटं पडत नाही. याला एक अपवाद आहे, आणि तो म्हणजे घोळका. हैतीत 2010 च्या भूकंपानंतर गोळी लागून मेलेल्या एका मुलीच्या फोटोला स्वीडनमध्ये पुरस्कार मिळाला. त्यानंतर दुसऱ्या छायाचित्रकाराचा फोटो पुढे आला. त्यात त्याच देहासमोर कॅमेरे रोखलेल्या छायाचित्रकारांची रांग दिसत होती. तुमच्या आधी दोघे-तिघे तिथे बसलेले असतील तर जवळ जाऊ नका. त्या फोटोची साक्ष झालेली आहे.

एक प्रसंग मनात उभा करू. इमारत कोसळली आहे. ढिगाऱ्याशेजारी चादरीखाली एका मुलाचा देह, शेजारी त्याची आई. दहा पावलांवर बचाव पथक आत कोणीतरी जिवंत असल्याची चाहूल घेतं आहे. सगळ्यात आधी ड्रोन खाली आणा. पथक शांतता मागतं तेव्हा जनरेटरसुद्धा बंद करतात. 2017 मध्ये मेक्सिको सिटीच्या भूकंपात वर धरलेली मूठ ही त्या शांततेची खूण होती. अशा वेळी पंख्यांची घरघर कोणाचा तरी आवाज बुजवू शकते. मग जागेचा रुंद फोटो, तुटलेल्या खांबांचा जवळून. सळ्या किती आणि काँक्रीट कसलं हे त्यात स्पष्ट येऊ द्या, कारण उद्या चौकशीत हाच फोटो आईच्या अश्रूंपेक्षा जास्त बोलेल. त्यानंतर आई: बसून, तिच्या डोळ्यांच्या उंचीवरून, फ्लॅश न टाकता, तीन-चार फ्रेम. थांबा. कॅमेरा खाली घेऊन तिच्यासोबतच्या माणसाकडे पाहा. त्याने मान हलवली तर नाव, गाव, नातं विचारा. त्याने नकार दिला तर काढलेल्या फ्रेम डेस्ककडे पाठवू नका. चादर कोणी उचलून दाखवायला तयार असलं तरी ती चौकट घेऊ नका. खांबांच्या फोटोत जे आहे त्यात तिने काही भर पडणार नाही. पण आत अडकलेला माणूस जिवंत असेल आणि क्रेन चार तास रस्त्यात अडकली असेल, तर तराजू आर्मेरोकडे झुकतो: त्याचा चेहरा, सोबत वेळ आणि क्रेन न येण्याचं कारण.

काढणं आणि छापणं हे दोन निर्णय आहेत. पहिला सेकंदांत होतो, दुसऱ्यासाठी तास असतात. अमेरिकेतल्या वृत्तछायाचित्रकारांच्या संघटनेची, एनपीपीएची, आचारसंहिता खाजगी शोकात शिरण्याची मुभा देते ती फक्त लोकांना ते पाहण्याची ठाम गरज असेल तेव्हाच. ही गरज डेस्कवर कोणालातरी एका वाक्यात सांगता आली पाहिजे. ‘फोटो ताकदवान आहे’ हे वाक्य त्यात चालत नाही. जवळच्या नातेवाइकांना बातमी पोचेपर्यंत ओळख पटेल असा चेहरा थांबवा. चेहरा धूसर करणं मला पटत नाही. पुसट केलेला चेहरा आरोपीचा वाटतो. त्यापेक्षा दुसरी फ्रेम निवडा.

शेवटी राहतं ते संग्रहाचं काम, आणि नेमकं तेच कोणी करत नाही. आपत्तीचा फोटो एकदाच छापला जात नाही, दर स्मृतिदिनी पुन्हा निघतो, आणि दहा वर्षांनी तो निवडणाऱ्या माणसाला जागेवरचं काहीच ठाऊक नसतं. म्हणून फोटो पाठवतानाच त्याच्या फाइलमध्ये साठवल्या जाणाऱ्या आयपीटीसी माहितीच्या सूचनांच्या रकान्यात लिहा: संमती कोणी दिली की मिळालीच नाही, नातेवाइकांना कळवलं होतं का, त्या घटनेच्या बातमीशिवाय वापर चालेल का, जाहिरातीसाठी किंवा निधी गोळा करण्यासाठी चालेल का. मरणाऱ्या मुलाच्या फोटोला माझ्या मते त्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ असावं, पालकांनी स्वतःहून मागितलं नसेल तर.